हालचाल म्हणा, झोप म्हणू नका

बाबांच्या झोपेबद्दल मी केलेलं पहिलं लेखी विधान खोटं होतं. ते असं: ‘शांत झोप ६ तास ५२ मिनिटं. हालचाली ४१. मोठे आवाज १८.’ हे विधान मी हाताने लिहिलं नव्हतं, मी लिहिलेल्या प्रोग्रॅमने लिहिलं होतं. पण त्याने काही फरक पडत नाही. ‘शांत झोप’ हे दोन शब्द कोडमध्ये मीच टाइप केले होते.

झालं होतं असं. आई वर्षभर सांगत होती की बाबा फार घोरतात, मध्येच गप्प होतात, मग दचकून श्वास घेतात. बाबा म्हणत, “तुझं काहीतरीच.” दिवाळीला घरी गेलो तेव्हा या वादाचा निकाल लावायचं मी मनावर घेतलं. अंधारात दिसणारा एक स्वस्त कॅमेरा कपाटावर ठेवला. त्याला माइक होताच. रात्री पावणेअकरापासून सकाळी सव्वासहापर्यंत, म्हणजे साडेसात तासांचं चित्रण झालं. एवढा व्हिडिओ कोण बघणार? म्हणून त्याचा सारांश काढणारा दोनेकशे ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. सकाळी चहाच्या वेळी वरचा अहवाल बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि आईपुढे धरला. “बघ. मशीन सांगतंय. शांत झोप, सहा तास बावन्न मिनिटं.”

त्यानंतर चार महिने बाबांनी डॉक्टरांचं नाव काढू दिलं नाही. मार्चमध्ये स्कूटरवर सिग्नलला थांबलेले असताना त्यांचा डोळा लागला. गाडी पडली आणि मनगटावर निभावलं. चालत्या गाडीवर डोळा लागला असता तर मी हा लेख लिहित बसलो नसतो.

आता झोपेचे ‘स्कोअर’ देणारी ॲप्स आणि कॅमेरे सर्रास मिळतात, आणि माझ्यासारखे हौशी लोक घरच्या घरी तेच करतात. मला या सगळ्यांशी, म्हणजे आधी स्वतःशी, भांडायचं आहे. माझा मुद्दा एकच आहे. कॅमेऱ्याला हालचाल कळते, माइकला आवाज कळतो. झोप दोघांनाही कळत नाही आणि श्वास तर नाहीच नाही. ही मर्यादा अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहून भागत नाही. ती अहवालाच्या शब्दांत असायला हवी.

बेचाळीस मिनिटांचा अंधार

आधी ते ६ तास ५२ मिनिटं कुठून आले ते पाहू. माझा प्रोग्रॅम सेकंदाला पाच चित्रं घेत असे. पलंगाभोवती मी एक चौकोन आखला होता. त्यातले किती ठिपके आधीच्या चित्राच्या तुलनेत ठळकपणे बदलले, ते तो मोजे. अंधारातल्या चित्रात मुंग्या आल्यासारखे ठिपके कायम वळवळत असतात, म्हणून चित्र आधी थोडं पुसट करून घ्यायचं. बदल ठरावीक मर्यादेच्या वर गेला की ती हालचाल. अशी एकूण ३८ मिनिटं निघाली. साडेसात तासांतून ३८ मिनिटं वजा केली, उरले ६ तास ५२. त्याला मी नाव दिलं ‘शांत झोप’.

या वजाबाकीत काय काय लपलं होतं ते मला पुढच्या चार महिन्यांत हळूहळू कळलं. त्या रात्री १:१० ते १:५२ वीज गेली होती. कॅमेरा बंद होता, त्या वेळेच्या फाइलीच नव्हत्या. फाइल नाही म्हणजे बदललेले ठिपके नाहीत, बदललेले ठिपके नाहीत म्हणजे हालचाल नाही, आणि हालचाल नाही म्हणजे शांत झोप. माझ्या हिशेबात बाबा त्या ४२ मिनिटांत रात्रीतले सगळ्यात गाढ झोपलेले होते. प्रत्यक्षात पंखा बंद पडल्यामुळे ते उठून गॅलरीत जाऊन बसले होते!

दुसरी गोष्ट बाबांनीच नंतर सहज बोलता बोलता सांगितली. त्या पहाटे तीनपासून जवळजवळ चारपर्यंत ते जागेच होते. कूस न बदलता, आईला जाग येऊ नये म्हणून, छताकडे बघत पडून होते. म्हणजे आणखी पन्नासेक मिनिटं गेली. हा काही माझ्याच प्रोग्रॅमचा दोष नाही. मनगटावर बांधून हालचालीवरून झोपेचा अंदाज बांधणारी उपकरणं संशोधनात कित्येक दशकं वापरली गेली आहेत, आणि त्यांची जुनीच ओळखीची अडचण ही आहे की निपचित जागं पडलेला माणूस त्यांना झोपलेला वाटतो. ज्याला निद्रानाश आहे तो नेमकं हेच करतो. म्हणजे ज्याची झोप सगळ्यात वाईट, त्याच्याच बाबतीत ही पद्धत सगळ्यात जास्त चुकते.

झोप कशाला म्हणायचं हे वैद्यकशास्त्राने फार पूर्वी ठरवून ठेवलं आहे. १९६८ साली रेक्टशाफेन आणि केल्स यांनी त्याचे नियम संपादित केले. मेंदूच्या विद्युतलहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण या तीन गोष्टी एकत्र बघून तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांना झोपेची अवस्था नेमून द्यायची. तीसच सेकंद का? तेव्हा हे आलेख सेकंदाला एक सेंटिमीटर सरकणाऱ्या कागदावर काढत आणि एक पान साधारण तीस सेंटिमीटरचं असे. कागद गेला, संगणक आला, नियम सुधारले, तरी मोजायच्या मूळ गोष्टी त्याच राहिल्या. यातली एकही गोष्ट कपाटावरच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. तरीही आपण बिनदिक्कत ‘गाढ झोप ९४ मिनिटं’ असं छापतो.

किती वेळा? तुम्ही सांगाल तितक्या वेळा

आता ‘हालचाली ४१’ या आकड्याकडे येऊ. माणूस कूस बदलतो तेव्हा एकच हालचाल होत नाही. आधी हात, मग खांदा, दोन सेकंद थांबून पाय, मग गोधडी ओढणं. हे चार प्रसंग की एक? प्रोग्रॅमला काहीतरी नियम द्यावाच लागतो. मी दिलेला नियम असा होता:

```python
def episodes(samples, threshold, gap=15):
    out = []
    for t, v in samples:
        if v < threshold:
            continue
        if out and t - out[-1][1] <= gap:
            out[-1][1] = t
        else:
            out.append([t, t])
    return out
```

कोड न वाचणाऱ्यांसाठी मराठीत सांगतो. दोन हालचालींमध्ये पंधरा सेकंद किंवा त्याहून कमी वेळ गेला असेल तर त्या एकाच प्रसंगाचा भाग धरा, जास्त गेला तर नवा प्रसंग सुरू करा. पंधराच का? मला बरा वाटला म्हणून. नंतर त्याच रात्रीवर तोच प्रोग्रॅम `gap=5` ठेवून चालवला तर ६८ प्रसंग निघाले. `gap=60` ठेवला तर २३. बाबा तेच, पलंग तोच, रात्र तीच. ‘तुम्ही रात्रीत ४१ वेळा हललात’ हे वाक्य निम्मं बाबांबद्दल आहे आणि निम्मं माझ्याबद्दल.

ठरावीक नियमाने मोजण्यात गैर काही नाही. वैद्यकातही असे नियम असतात. झोपेत पाय ठरावीक अंतराने हलण्याचा एक प्रकार आहे. त्यात हालचाल अर्ध्या सेकंदापासून दहा सेकंदांपर्यंतची हवी, दोन हालचालींच्या आरंभांमध्ये ५ ते ९० सेकंदांचं अंतर हवं आणि अशा निदान चार हालचाली ओळीने हव्यात. पण तिथे नियम छापलेला असतो, सगळे तोच वापरतात, आणि हालचाल नडगीच्या स्नायूवर लावलेल्या इलेक्ट्रोडने मोजतात, गोधडीच्या सुरकुत्यांवरून नाही. आपल्या ॲपमध्ये नियम लपलेला असतो आणि पुढच्या अपडेटमध्ये तो न सांगता बदलतो. मग वापरणाऱ्याला वाटतं, या महिन्यात आपली झोप सुधारली.

पायांचा विषय निघालाच आहे तर माझी दुसरी फजिती सांगतो. पहिल्या अहवालानंतर मी जोशात होतो. बारीक हालचाली निसटतात असं वाटलं म्हणून मर्यादा खाली आणली. फाइली फार मोठ्या होत्या म्हणून त्या आधी `ffmpeg` ने लहान करून घेतल्या. दुसऱ्या रात्रीचा अहवाल आला तर काय, बाबांची रात्रभर दर दहा सेकंदांनी बारीकशी हालचाल! ५ ते ९० सेकंदांच्या नियमात ती अगदी चपखल बसत होती. मी वाचलेलं ज्ञान आईला ऐकवलं. ती घाबरली. बाबांच्या रक्तातलं लोह तपासायला हवं इथपर्यंत आम्ही पोचलो.

शंका आली ती अंतरांमुळे. ९.८, १०.३, ११.१ असं काही नव्हतं, सगळीकडे बरोबर १०.० होतं. शरीर इतकं वक्तशीर नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, पलंगावर कोणी नसताना, पंखा चालू ठेवून आणि पडदे लावून तासभर चित्रण केलं आणि त्याच वाटेने पाठवलं. रिकाम्या पलंगालाही पाय हलण्याचा आजार झालेला होता.

कारण साधं होतं. व्हिडिओ लहान करताना प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. अधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवतात आणि मधल्या चित्रांसाठी फक्त बदल साठवतात. नवं पूर्ण चित्र आलं की सगळ्या ठिपक्यांची छटा किंचित सरकते. डोळ्याला ते जाणवत नाही, वजाबाकीला जाणवतं. मी वापरलेल्या `libx264` मध्ये काही न सांगितल्यास जास्तीत जास्त २५० चित्रांनी पूर्ण चित्र येतं. सेकंदाला २५ चित्रं असतील आणि खोलीत काही घडत नसेल, तर बरोबर दर दहा सेकंदांनी. पूर्ण चित्रांच्या वेळा या आज्ञेने दिसतात:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -skip_frame nokey \
  -show_entries frame=pts_time -of csv=p=0 raatra.mp4
```

त्या वेळा आणि बाबांच्या ‘हालचालीं’च्या वेळा शेजारी ठेवल्या. तंतोतंत जुळल्या. उपायही सोपा निघाला. चौकोनातलं जवळजवळ सगळं चित्र एकाच क्षणी थोडं थोडं बदललं तर तो माणूस नव्हे. माणूस हलतो तेव्हा बदल एका जागी गोळा झालेला असतो. पण मला हा उपाय सांगायचा नाही. मला विचारायचं आहे की झोपेचा अहवाल देणाऱ्या किती जणांनी रिकाम्या पलंगाची रात्र मोजून पाहिली आहे. पंख्याच्या वाऱ्याने हलणारी मच्छरदाणी, खिडकीतून फिरून जाणारा गाडीचा उजेड, शेजारी झोपलेल्या आईच्या कुशीबरोबर हलणारी गादी, हे सगळं ‘बाबा’ म्हणूनच मोजलं जातं. रिकाम्या पलंगाच्या अहवालात काहीही निघालं तर तो आकडा माणसाच्या अहवालावर संशय म्हणून लिहिलाच पाहिजे.

आजार शांततेत होता

आतापर्यंतच्या चुका हिशेबाच्या होत्या. आता सांगतो ती चूक वेगळी आहे. तिच्यात प्रोग्रॅम सांगितल्याप्रमाणे बरोबर चालत होता.

आवाजासाठी मी दर सेकंदाला आवाजाची सरासरी ताकद काढत असे. आधीच्या दहा मिनिटांतली मधली पातळी म्हणजे खोलीचा नेहमीचा आवाज, त्यात पंखा आलाच. तिच्यापेक्षा दहा डेसिबल वर गेलं की आवाजाचा प्रसंग. (हे डेसिबलही सापेक्षच. माइक कोणी प्रमाणित करून दिलेला नसतो, त्यामुळे ‘तुम्ही ६२ डेसिबलने घोरता’ हे वाक्य दिसलं की हसून सोडून द्यावं.) मग हे प्रसंग जोडायला वरचंच फंक्शन, तेच `gap=15`. अहवालात एक ओळ अशी आली: ‘२:१४ ते २:३१, सलग आवाज.’ मी त्यापुढे लिहिलं, घोरणं. आणि पुढे सरकलो.

मनगट सुजल्यावर, मार्चमध्ये, ती सतरा मिनिटं मी पहिल्यांदा कान देऊन ऐकली. आवाज सलग नव्हता. सात-आठ वेळा घोरणं, मग काहीच नाही. अकरा, बारा, चौदा सेकंद काहीच नाही. मग घशातून एक मोठा गचका, आणि पुन्हा घोरणं. असं पुन्हा पुन्हा.

झोपेत श्वासमार्ग मिटून श्वास थांबण्याचा जो आजार आहे, स्लीप ॲप्निया, त्यात हवेचा प्रवाह निदान दहा सेकंद जवळजवळ बंद पडला तर तो एक प्रसंग धरतात. म्हणजे मी जो पंधरा सेकंदांचा नियम सोय म्हणून ठेवला होता, त्याने दहा ते पंधरा सेकंदांची प्रत्येक शांतता गिळून टाकली होती. आणि पंधरापेक्षा लांब शांततांचं काय? त्या आवाजाच्या दोन प्रसंगांच्या मधल्या जागेत गेल्या होत्या, म्हणजे हालचाल नाही, आवाज नाही, म्हणजे ‘शांत झोप’. आईने वर्षभर कानाने जे टिपलं होतं ते माझ्या प्रोग्रॅमने दोन्ही बाजूंनी पुसलं. छोट्या शांतता आवाजात विरघळवल्या, मोठ्या शांतता आरोग्यात.

यावर कोणी म्हणेल, मग शांतता शोध की! घोरणं, दहा सेकंद शांतता, गचका, असा आकृतिबंध शोधणं काही कठीण नाही. मीही ते केलं. पण त्या शांततेला नाव काय देणार? बाबांनी तोंड उशीत खुपसलं, तरी घोरणं थांबतं. कुशीवर वळून नाकाने श्वास घेऊ लागले, तरी थांबतं. जाग येऊन गप्प पडले, तरी थांबतं. बाहेर ट्रक गेला आणि माइकने स्वतःहून आवाज खाली घेतला, तरी थांबल्यासारखं वाटतं. माइकपुरत्या या सगळ्या शांतता सारख्याच.

मग कॅमेऱ्याची मदत घेऊ, छाती हलते का पाहू, असं मला वाटलं. व्हिडिओतून छातीची बारीक हालचाल मोठी करून दाखवता येते, आणि मी ती काढलीही. त्या शांततांमध्ये बाबांची छाती नियमित वर-खाली होत होती. मला केवढं हायसं वाटलं! श्वास चालू आहे ना?

ते हायसं वाटणं किती चूक होतं हे मला झोपेच्या तपासणीनंतर कळलं. छातीविकारतज्ज्ञांनी आलेख संगणकावर उघडून दाखवला. वरच्या रेषेत नाकापाशी मोजलेला हवेचा प्रवाह होता, तो सपाट झालेला. खाली छातीच्या आणि पोटाच्या पट्ट्यांच्या दोन रेषा होत्या, त्या मात्र जोरात हलत होत्या, आणि एकमेकींच्या उलट. “हे पाहा,” डॉक्टर म्हणाले, “श्वास घ्यायचा प्रयत्न चाललाय, पण घसा बंद आहे. दार लावलेल्या खोलीत भाता चालवल्यासारखं.” सगळ्यात खालच्या रेषेत रक्तातला ऑक्सिजन थोड्या वेळाने उतरत होता. म्हणजे या आजाराच्या नेहमीच्या प्रकारात छाती हलतेच. हलते म्हणूनच त्याला अडथळ्याचा ॲप्निया म्हणतात. छातीच्या हालचालीवरून ‘श्वास सुरळीत’ असं सांगणारा प्रोग्रॅम ज्या रुग्णाला सावध करायला हवं त्यालाच धीर देईल.

हा दोष चांगल्या कॅमेऱ्याने किंवा मोठ्या मॉडेलने जाणार नाही. हवा गेली की नाही ही माहिती त्या चित्रात नाहीच. एखाद्याला वाटत असेल की आवाज, छाती आणि मान यांचा मेळ घालून अंदाज बांधता येईल, तर जरूर बांधावा. पण मग तो अंदाज झोपेच्या पूर्ण तपासणीशेजारी, हा आजार असलेल्या आणि नसलेल्या माणसांवर, रात्रीमागून रात्री ताडून पाहावा, आणि कुठे चुकतो ते छापावं. हे न करता नुसता स्कोअर छापणं म्हणजे अंगठा धरून ताप सांगणं.

तळटीप वाचतं कोण?

माझ्या एका सहकाऱ्याशी यावर बरंच वाजलं. त्याचं म्हणणं, “खाली लिहायचं की ‘हा वैद्यकीय सल्ला नाही’. संपलं.” गंमत म्हणजे माझ्या अहवालाखाली ते वाक्य होतं. बाबांनी अहवाल दोनदा वाचला, पण ते वाक्य त्यांना आजही आठवत नाही. त्यांना आठवतं ‘शांत झोप’. मोठ्या अक्षरांत निदान करायचं आणि बारीक अक्षरांत ते नाकारायचं, याला मी जबाबदारी म्हणणार नाही. दुकानदाराने वजनाच्या काट्यावर ‘काटा बरोबर असेलच असं नाही’ अशी चिठ्ठी लावण्यासारखं आहे ते.

डॉक्टर मंडळी याबाबतीत आपल्यापेक्षा किती चोख आहेत याचं एक उदाहरण मला फार आवडतं. पूर्ण तपासणीत श्वास थांबण्याचे आणि मंदावण्याचे प्रसंग मोजून त्यांना झोपेच्या तासांनी भागतात. त्या आकड्याला एएचआय म्हणतात. पाचपासून सौम्य, पंधरापासून मध्यम, तीसपासून तीव्र. हीच तपासणी घरी करायचं लहान उपकरणही मिळतं. त्यात हवेचा प्रवाह, छातीचा पट्टा, बोटावर ऑक्सिजन, सगळं असतं. पण बहुधा मेंदूच्या लहरी नसतात, त्यामुळे माणूस नक्की किती वेळ झोपला ते कळत नाही, आणि प्रसंगांना नोंदीच्या तासांनी भागावं लागतं. एवढ्याच फरकामुळे अमेरिकेतल्या झोपवैद्यकाच्या संस्थेने त्या आकड्याचं नावच वेगळं ठेवलं: आरईआय. भाजक बदलला, म्हणून नाव बदललं. जागेपणीचे तास भाजकात आल्यामुळे हा आकडा खरा आजार कमी दाखवू शकतो, हे त्या नावातच सांगून ठेवलं. आणि आपण? ना प्रवाह, ना ऑक्सिजन, ना लहरी, एक कपाटावरचा कॅमेरा, आणि शब्द सरळ ‘झोप’!

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. तो आईने घेतला. “अरे, मग तुझ्या त्या खटाटोपाचा उपयोग काहीच नाही का?” आहे. डॉक्टरांपुढे मी आधी माझे रंगीत आलेख ठेवले. त्यांनी ते बाजूला सारले. “हे नको. घोरणं थांबतं तेवढी दोन मिनिटं ऐकवा.” प्रोग्रॅममुळे ती जागा मला एका मिनिटात सापडली. साडेसात तासांत ती हाताने शोधायची म्हणजे एक रात्र गेली असती. त्यांनी क्लिप पाहिली, मग मोबाइल खाली ठेवून आईकडे वळले. घोरणं दाराबाहेर ऐकू येतं का? दिवसा पेंग येते का? श्वास थांबताना तुम्ही स्वतः पाहिलंय का? रक्तदाब आहे का? मानेचा घेर मोजला. वय विचारलं. यातला प्रत्येक प्रश्न ॲप्नियाच्या नेहमीच्या प्रश्नावलीतला आहे, आणि त्यातल्या ‘तुम्ही पाहिलंय का’ या प्रश्नाचं उत्तर आई वर्षभर देतच होती. क्लिपने निदान केलं नाही. तिने तपासणीला पाठवायचं कारण पक्कं केलं. तपासणीत आकडा आला ३४.

झोपेत येणारे झटके, ओरडणं, उठून चालणं यांतही असंच आहे. घरच्यांनी मोबाइलवर घेतलेला प्रसंगाचा व्हिडिओ मेंदूविकारतज्ज्ञ आवर्जून बघतात. पण तो झटका अपस्माराचा की आणखी कशाचा, हे ठरवायला गरज पडेल तेव्हा व्हिडिओबरोबर मेंदूच्या लहरीही घेतात. स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडण्याचा जो विकार आहे, त्याचं पक्कं निदान तर त्या अवस्थेत स्नायू सैल पडत नाहीत हे तपासणीत दिसल्यावरच होतं. व्हिडिओ प्रश्न विचारायला शिकवतो. उत्तर दुसरीकडून येतं.

म्हणून माझा प्रोग्रॅम आता पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची छापतो. कुठे बघायचं ते सांगतो, काय आहे ते सांगत नाही. त्याच पहिल्या रात्रीचा आजचा अहवाल असा:

```
नोंद: २२:४५ ते ०६:१५
नोंद नाही: ०१:१० ते ०१:५२ (कॅमेरा बंद)
हालचाल: ४१ वेळा (१५ से. जोडून; ५ से. ला ६८, ६० से. ला २३)
आवाज: १८ वेळा, कोणाचा ते माहीत नाही
आवाजांमधल्या १० से. हून लांब शांतता: ऐकून पाहा
  ०२:१४, ०२:१९, ०२:२६, ०४:४१
रिकामा पलंग, १ तास: हालचाल ०, आवाज २
झोप, श्वास, ऑक्सिजन: मोजलेले नाही
```

यात एकही कौतुकाचा शब्द नाही, हिरवा गोल नाही, शंभरपैकी गुण नाहीत. ‘घोरणं’ हा शब्दही नाही, कारण त्या खोलीत दोघं झोपतात आणि खिडकीखाली एक कुत्रंही. ‘नोंद नाही’ ही ओळ दुसऱ्याच क्रमांकावर आहे. शेवटची ओळ प्रोग्रॅममधून काढता येत नाही, तशी सोयच ठेवलेली नाही. हा अहवाल कोणाला विकता येणार नाही हे मला ठाऊक आहे. ‘मोजलेले नाही’ हे वाचायला कोणी महिन्याला पैसे भरत नाही. विकता येण्यासाठीच तर ‘झोप’ हा शब्द लागतो.

तपासणी महाग असते, लहान गावात मिळत नाही, तोवर काहीतरी असलेलं बरं, हा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि एकेकाळी केलाही आहे. पण ते ‘काहीतरी’ आमच्या घरात आधीपासूनच होतं. शेजारी झोपणारी, अर्धी रात्र जागून श्वास मोजणारी आई होती. माझ्या आकड्याने त्यात भर घातली नाही. तिचं म्हणणं खोडून काढलं, चार महिने. यंत्राचा आकडा आला की माणसाचं निरीक्षण ‘तुझं काहीतरीच’ होऊन बसतं, आणि आमच्या घरांत ते निरीक्षण बहुतेक वेळा बाईचं असतं.

बाबा आता रात्री नाकावर मास्क लावून झोपतात. मास्कचं यंत्र हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. मास्क लावल्यापासून ते दुपारी पेपर वाचताना पेंगत नाहीत. मागच्या महिन्यात घरी गेलो तर सवयीने त्यांनी विचारलं, “काल तुझा कॅमेरा काय म्हणाला? झोप कशी होती?”

“तो हललात किती ते सांगतो, बाबा. झोपेचं त्याला कळत नाही.”

“मग कोणाला कळतं?”

“आईला विचारा,” मी म्हटलं.